तळहात-तळपायांची खाज, आणि एलएफटीत न येणारा एक आकडा

प्रश्न : मॅडम, मला ३४वा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळंतपण. आम्ही धायरीला राहतो. गेले आठ-दहा दिवस तळहात आणि तळपायांना भयंकर खाज सुटते. दिवसा कमी, रात्री अकरानंतर असह्य. पुरळ काहीच नाही, फक्त माझ्याच नखांचे ओरखडे. सासूबाई म्हणतात उष्णता वाढलीय, म्हणून सब्जा, गुलकंद, खोबरेल तेल सगळं चालू आहे. मेडिकलवाल्याने कॅलामाइन लोशन दिलं, फरक नाही. पाचव्या महिन्यातल्या सगळ्या रक्ततपासण्या नॉर्मल होत्या आणि परवाच्या सोनोग्राफीत बाळ छान आहे. पुढची अपॉइंटमेंट दहा दिवसांनी आहे. तोवर थांबलं तर चालेल ना? ताईलाही तिच्या वेळी शेवटच्या महिन्यात अशीच खाज यायची, बाळंतपणानंतर आपोआप गेली.

उत्तर : नाही, थांबू नका. उद्या सकाळी तुमच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन करा, खाज कुठे आहे आणि पुरळ नाही एवढं सांगा आणि उद्याच रक्त द्या. दोन तपासण्या हव्यात : एलएफटी, म्हणजे लिव्हरची नेहमीची तपासणी, आणि सिरम बाइल ॲसिड्स. यातली दुसरी महत्त्वाची आणि नेमकी तीच राहून जाते.

गरोदरपणात खाज बऱ्याच जणींना येते. पोट ताणलं जातं, कातडी कोरडी पडते, घाम येतो. पण ती खाज पोटावर, मांड्यांवर, छातीखाली येते. काहींना पोटावरच्या ताणाच्या रेषांमध्ये लाल, उंचवट्याचं पुरळ उठतं. ते बेंबीच्या भोवतालची जागा सोडून असतं, त्रासदायक असतं, पण बाळाला त्यापासून धोका नाही. अंगावर पित्त उठलं तर गांध्या दिसतात. खरजेत बोटांच्या बेचक्यांत बारीक फोड येतात आणि घरातला आणखी कुणीतरी खाजवत असतो. तुमच्या पत्रात यातलं काहीच नाही. कातडी स्वच्छ, खाज तळव्यांना, रात्री जास्त आणि दिवस सातव्या महिन्यानंतरचे. एवढं जुळलं की मी आधी कातडीकडे नाही, लिव्हरकडे बघते. त्यात सख्ख्या बहिणीला हाच त्रास झालेला, म्हणजे शंका आणखी बळावते, कारण हा आजार काही घराण्यांत चालत येतो.

त्याला आम्ही गरोदरपणातला कोलेस्टेसिस म्हणतो. लिव्हर रोज पित्तरस बनवतं आणि बारीक नलिकांतून आतड्यात सोडतं. त्या रसात बाइल ॲसिड्स असतात, जेवणातलं तेल-तूप पचवायला लागणारी. शेवटच्या तिमाहीत इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स इतकी वाढतात, की काही बायकांच्या लिव्हरच्या पेशींना हा रस पुढे ढकलणं जड जातं. मग मोरी तुंबल्यावर पाणी मागे घरात येतं तशी ही ॲसिड्स रक्तात साठू लागतात. जुळी असली तर शक्यता जास्त. यात तुमच्या खाण्यापिण्याची काहीच चूक नाही. आणि सब्जा-गुलकंदाने हे उतरणारही नाही. ते खाल्ल्याने बिघडणार नाही म्हणून सासूबाईंशी वाद घालू नका. फक्त ‘लिव्हर साफ करायला’ म्हणून कुणी काढा दिला तर घेऊ नका. गुळवेलीच्या काढ्याने लिव्हरला इजा झालेले रुग्ण कोविडच्या काळात मुंबईतल्या लिव्हरतज्ज्ञांनी नोंदवले आहेत. आधीच दमलेल्या लिव्हरवर असला प्रयोग नको, आणि पुढे एसजीपीटी, म्हणजे लिव्हरला इजा झाली की वाढणारा एलएफटीतला आकडा, वाढलं तर ते आजाराने की काढ्याने, हे कळणंही कठीण होऊन बसतं.

आता तुमच्या त्या नॉर्मल तपासण्यांविषयी. पाचव्या महिन्यात हा आजार बहुधा सुरूच झालेला नसतो, त्यामुळे त्या वेळचा रिपोर्ट आजच्या खाजेबद्दल काहीही सांगत नाही. सोनोग्राफीचंही तसंच. तिच्यात बाळाची वाढ, पाणी, नाळेतला रक्तप्रवाह दिसतो. वार नीट काम करत नसेल तर बाळ हळूहळू कमी पडतं आणि ते सोनोग्राफीत पकडता येतं. कोलेस्टेसिसमध्ये गोष्ट वेगळी आहे. बाळाची वाढ उत्तम असते. आईच्या रक्तातली बाइल ॲसिड्स फार वाढली तर ती वारेतून बाळाकडे जातात आणि त्याच्या हृदयाच्या तालावर परिणाम करतात, असं आजवरच्या अभ्यासावरून दिसतं. जे बिघडतं ते अचानक बिघडतं. म्हणून सोमवारची एनएसटी, म्हणजे बाळाच्या ठोक्यांचा आलेख, सुरेख आली यावरून गुरुवारचं काही कळत नाही. डॉक्टरांनी एनएसटी सांगितली तर जरूर करा, पण ती रक्ततपासणीच्या जागी चालत नाही.

लॅबच्या काउंटरवर काय होतं तेही सांगते, कारण गाडी तिथेच अडते. तुम्ही म्हणता, “बाइल ॲसिड करायचंय.” समोरची मुलगी म्हणते, “म्हणजे बिलिरुबिन ना? ते एलएफटीत येतंच.” आणि एलएफटीची पावती फाडली जाते. बिलिरुबिन म्हणजे काविळीत वाढतं ते. ही वेगळी गोष्ट आहे, आणि कोलेस्टेसिसमध्ये ते बहुतेक वेळा नॉर्मलच राहतं, डोळे पिवळे होतातच असं नाही. तेव्हा चिठ्ठीवर डॉक्टरांकडून ‘टोटल बाइल ॲसिड्स, सिरम’ असं स्पष्ट लिहून घ्या आणि पावतीवर ते नाव वेगळं छापलंय का ते पैसे देण्याआधी बघा. छोट्या लॅबमध्ये ही तपासणी होत नाही, नमुना त्यांच्या मोठ्या लॅबला जातो. एलएफटी संध्याकाळपर्यंत मिळते, हिला एक-दोन दिवस किंवा जास्तही लागतात. रिपोर्ट कधी येणार ते तिथेच विचारा आणि आल्याबरोबर डॉक्टरांना पाठवा, अपॉइंटमेंटची वाट बघू नका.

उपाशी पोटी जायची गरज नाही. उलट जेवल्यावर बाइल ॲसिड्स वाढतात, आणि आपल्याला दिवसातला वरचा आकडाच हवा असतो. सक्तीने उपाशी ठेवून घेतलेला नमुना खोटा दिलासा देऊ शकतो. आणखी एक : काही डॉक्टर खाजेचं वर्णन ऐकूनच अर्सोडीऑक्सिकोलिक ॲसिडच्या गोळ्या सुरू करतात. हे औषध स्वतःच एक बाइल ॲसिड आहे आणि नेहमीच्या तपासणीत तेही मोजलं जातं. म्हणून आधी रक्त द्या, मग पहिली गोळी घ्या.

रिपोर्ट हातात आला की त्यावर ठळक अक्षरं दिसतील. लगेच घाबरू नका. लॅबने छापलेल्या मर्यादा गरोदर नसलेल्या माणसांच्या असतात. अल्कलाइन फॉस्फटेज या दिवसांत वाढलेलंच दिसेल, ते वारेतून येतं, त्याकडे दुर्लक्ष करा. बाइल ॲसिडसमोर बऱ्याच लॅबा १० पर्यंत नॉर्मल छापतात, पण जेवलेल्या गरोदर बाईत १८ पर्यंतचा आकडा चालतो. खाज आहे, कातडी स्वच्छ आहे आणि आकडा १९ किंवा त्याहून जास्त आहे, तर आम्ही कोलेस्टेसिस म्हणतो. हे सगळे आकडे मायक्रोमोल प्रति लिटरमध्ये. एसजीपीटीचं नेमकं उलट आहे. ते गरोदरपणात थोडं कमीच असायला हवं, म्हणून लॅबच्या मर्यादेच्या अगदी काठावर आलेला आकडाही मी सहज सोडून देत नाही.

आणि पहिला रिपोर्ट नॉर्मल आला तर? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण फसगत इथेच होते. खाज आधी सुरू होते आणि रक्तातले आकडे कधी कधी काही आठवडे मागून येतात. गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे आलेल्या एका मुलीचं उदाहरण देते, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. ३३व्या आठवड्यात आली. रात्री झोपताना पाय गादीखाली सोडून थंड फरशीवर टेकवायची, आणि तळवे खाजवायला उशाशी कंगवा ठेवायची. पोटऱ्यांवर ओरखड्यांच्या सुकलेल्या रेघा, बाकी कातडी नितळ. एसजीपीटी ३१, बाइल ॲसिड १४. तिचा नवरा म्हणाला, “मॅडम, दोन्ही नॉर्मल आहेत, मग विषय संपला ना?” मी सांगितलं, खाज आहे तोवर विषय संपत नाही, पुढच्या आठवड्यात पुन्हा रक्त.

३४व्या आठवड्यात एसजीपीटी ९६ आणि बाइल ॲसिड ४४. एसजीपीटी असं चढलं की नुसतं कोलेस्टेसिसचं लेबल लावून मोकळं होता येत नाही. बीपी आणि लघवीतलं प्रोटीन पाहिलं, प्लेटलेट मोजल्या, हिपॅटायटिस ए, बी, सी आणि ई तपासले, लिव्हरची सोनोग्राफी करून पित्ताशयात खडे नाहीत ना ते बघितलं. सगळं ठीक निघालं. यातला हिपॅटायटिस ई पुण्यात, त्यातही पावसाळ्यात, मी विसरत नाही. तो दूषित पाण्यातून येतो आणि शेवटच्या तिमाहीत गरोदर बाईला फार गंभीर आजारी करू शकतो. तुमच्या भागाला पाण्याबद्दल वेगळं सांगायला नको. २०२५च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता, किरकटवाडी, नांदेड गाव, धायरीकडे जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण वाढले तेव्हा संशय पाण्यावरच होता. बाळंत होईपर्यंत तरी उकळलेलंच पाणी प्या.

मग गोळ्या सुरू केल्या. दर आठवड्याला रक्त. ३६व्या आठवड्यात बाइल ॲसिड ५८. ३७व्या आठवड्यात ती हसत आली, खाज निम्म्याने कमी झाली होती, एसजीपीटीही ६० वर उतरलं होतं. बाइल ॲसिड मात्र ७१. खाजेचा जोर आणि बाळाचा धोका बरोबरीने चालत नाहीत, हे मी तिला त्या दिवशी कागदावर तीन आकडे एकाखाली एक लिहून दाखवलं. खाज कमी झाली म्हणून तिने तो आठवडा रक्त दिलं नसतं, तर आम्हाला काहीच कळलं नसतं. आकडा १०० च्या खाली राहिला, म्हणून ३८ आठवडे पूर्ण झाल्यावर कळा आणल्या. बाळ पावणेतीन किलोचं, बाहेर येताच रडलं. तिची खाज चार दिवसांत गेली.

तारीख आकड्यावर ठरते ती कशी, तेही सांगते. पाच हजारांहून जास्त कोलेस्टेसिस झालेल्या बायकांची माहिती एकत्र करून २०१९ साली एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. एकच बाळ असलेल्यांमध्ये, बाइल ॲसिड ४० च्या खाली असताना पोटात बाळ दगावण्याचं प्रमाण हजारात साधारण एक होतं, ४० ते ९९ मध्ये हजारात तीनच्या आत, आणि १०० किंवा वर गेलं की शंभरात तीन ते चार. पहिल्या दोन गटांत धोका इतर गरोदर बायकांपेक्षा ठळकपणे वेगळा दिसला नाही. खरी उडी १०० च्या पुढे आहे. म्हणून ब्रिटनमधल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेची २०२२ची मार्गदर्शक सूचना अशी आहे : १९ ते ३९ असेल तर ४० आठवड्यांपर्यंत, ४० ते ९९ असेल तर ३८-३९ व्या आठवड्यात, आणि १०० च्या वर गेलं तर ३५-३६ व्या आठवड्यात बाळंतपण करण्याचा विचार करावा. अमेरिकेतल्या सूचना १०० च्या वर ३६ आठवडे म्हणतात आणि त्याखाली ३६ ते ३९ अशी मोकळीक ठेवतात. जुळी असतील, बीपी वाढलं असेल, तर हिशेब बदलतो आणि बहुधा अलीकडे सरकतो.

पुण्यात बरेच डॉक्टर कोलेस्टेसिस म्हटलं की सरसकट ३७ आठवड्यांना कळा आणतात. त्यांची काळजी मला कळते, पण आकडा २५ असताना ३७ ची घाई मला पटत नाही. त्या बाळांपैकी काहींना श्वासाचा त्रास होऊन उगाच काचेच्या पेटीत राहावं लागतं. आणि आकडा १२० असताना “पाहू, ३८ पर्यंत जाऊ” हे त्याहून चुकीचं. तुमच्या डॉक्टरांनी तारीख दिली तर सरळ विचारा, “माझं बाइल ॲसिड किती आहे म्हणून ही तारीख?” चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही. कोलेस्टेसिस आहे एवढ्यावरून सिझेरियन करावं लागत नाही, कळा आणून नॉर्मल डिलिव्हरी होऊ शकते. मात्र जिथे बाळाचे ठोके सतत बघता येतात आणि बाळांचे डॉक्टर हाताशी असतात अशाच ठिकाणी करा, कारण या बाळांनी पोटातच शी केलेली असण्याची शक्यता जास्त असते. आकडा फार वर गेला तर बाळासाठी अतिदक्षता विभाग असलेलं हॉस्पिटल आधीच ठरवून ठेवा. ऐन रात्री सिंहगड रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये अडकून तो निर्णय घ्यायची वेळ येऊ नये.

गोळ्यांकडून अपेक्षा बेताची ठेवा. ब्रिटनमध्ये सहाशेहून जास्त बायकांवर झालेल्या चाचणीत, जिचे निष्कर्षही २०१९लाच आले, या औषधाने खाज थोडीशी कमी झाली, पण बाळाच्या बाबतीत फरक पडला नाही. घ्यायला हरकत नाही, मी देते. पण “गोळ्या चालू आहेत” म्हणजे बाळ सुरक्षित आहे असं नव्हे, आणि गोळ्या चालू असतानाही रक्त द्यावं लागतंच. रात्रीच्या झोपेसाठी डॉक्टर ॲलर्जीची गोळी देतील, तिने खाजेचं मूळ जात नाही, गुंगी येऊन झोप मिळते. कॅलामाइनपेक्षा मेंथॉलचं क्रीम बऱ्याच जणींना बरं वाटतं. सैल सुती कपडे, गार पाण्याची आंघोळ, नखं कापलेली, एवढंच. शी पांढुरकी, तेलकट, चिकट होत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. तेलातुपासोबत शोषलं जाणारं व्हिटॅमिन के मग कमी पडतं, रक्त गोठायला वेळ लागतो आणि बाळंतपणाआधी त्याची वेगळी तपासणी करून गोळी द्यावी लागू शकते.

काही गोष्टींसाठी मात्र उद्याचीही वाट बघायची नाही. बाळ नेहमीपेक्षा कमी हलतंय असं वाटलं, डोळे पिवळे दिसले, लघवी चहासारखी गडद झाली, सारखी उलटी, उजव्या बरगडीखाली दुखणं, जोराची डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, यातलं एकही असेल तर रात्री दोन वाजता असलात तरी हॉस्पिटलला निघा. यात बीपीचे आणि लिव्हरचे दुसरे, झपाट्याने वाढणारे आजार असू शकतात आणि ते तासांचा हिशेब करतात.

ताईंना माझ्यातर्फे विचारा, तेव्हा त्यांची बाइल ॲसिड्स तपासली होती का, आणि जुनी फाइल सापडली तर डॉक्टरांना दाखवायला घेऊन जा. त्या पुन्हा गरोदर राहिल्या तर हा त्रास उलटण्याची शक्यता बरीच आहे, म्हणून पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगून ठेवू देत. तुमचं निदान पक्कं झालं तर तुम्हालाही तेच लागू. बाळंतपणानंतर खाज जाईल, पण सहा आठवड्यांनी तपासणीला जाल तेव्हा एलएफटी पुन्हा करा. तोवर आकडे पूर्ववत व्हायला हवेत. झाले नाहीत तर मूळ दुखणं गरोदरपणाचं नाही, लिव्हरचं आहे असं धरून लिव्हरतज्ज्ञांकडे जावं लागेल. त्याच भेटीत पाळणा लांबवण्याचा विषय निघेल, तेव्हा कोलेस्टेसिस झाला होता हे आवर्जून सांगा. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी काहींना हीच खाज परत सुरू होते, त्यापेक्षा कॉपर-टी बरी.